खालची यादी आधी वाचा

‘शनिवारी सकाळी 9 ते दुपारी 4 वरची टाकी धुणार आहे. या वेळेत नळ सोडू नये. पिण्याचं पाणी शुक्रवारी रात्रीच भरून ठेवावं.’ नागपुरातल्या कुठल्याही अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून एकदोनदा अशी नोटीस पडते. शनिवारी बाराच्या सुमारास पाचव्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडतं, बादलीला ब्लीचिंगचा भपकारा येतो आणि सेक्रेटरीचा फोन वाजतो. ‘आम्हाला कोणी सांगितलंच नाही.’ मग ग्रुपवर एक स्क्रीनशॉट येतो. त्यात त्या घरातल्या माणसाचं नाव, गुरुवार, रात्री 9.14, पुढे ब्लू टिक. ‘तुम्ही पाहिलं होतं.’ वाद तिथं मिटला असं सेक्रेटरीला वाटतं.

माझ्या मते तो स्क्रीनशॉट काहीच सिद्ध करत नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज कोणी उघडला आणि कोणाकडे नुसता पोचला हे दाखवणारी जी यादी असते, ती आपल्याकडे उलटी वाचायची सवय लागली आहे. कोणी पाहिलं ते दाखवून माणसाला गप्प करायला ती वापरली जाते. तिचा खरा उपयोग अजून कोणाला फोन करायचा राहिला हे ठरवण्यापुरता आहे.

टाकीचंच उदाहरण घेतो, कारण त्यात चूक झाली तर नुसता रुसवाफुगवा होत नाही. रोजच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं तरी पुरतं. टाकी घासून झाल्यावर निर्जंतुक करताना लिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीनचं पाणी भरून काही तास ठेवतात, म्हणजे अडीचशे पट. नीट काम करणारे हे पाणी थोडं पाइपमध्येही उतरवतात, म्हणजे नळापर्यंतची लाइन साफ होते. त्या वेळात ज्यानं नोटीस वाचली नाही त्याच्या नळाला तेच पाणी येतं. तेव्हा प्रत्येक घरात निरोप पोचला का, हा प्रश्न खराच आहे. ब्लू टिक त्याचं उत्तर देते का, एवढंच पाहायचं.

आपण पाठवलेला मेसेज दाबून धरला आणि इन्फो उघडलं की दोन भाग दिसतात. वर Read by, खाली Delivered to. आयफोनवर मेसेज डावीकडे सरकवला तरी हेच पान येतं. ही यादी फक्त पाठवणाऱ्याला दिसते. अध्यक्षांनी टाकलेल्या नोटिशीची यादी सेक्रेटरीला दिसत नाही, आणि तीच नोटीस सेक्रेटरीनं पुन्हा टाकली तर तिची वेगळी यादी सुरू होते. म्हणून नोटीस कोण टाकणार आणि यादी कोण पाहणार हे एकाच माणसाकडे हवं. ग्रुपमध्ये दुसरी टिक सगळ्यांच्या फोनवर मेसेज पोचल्यावरच येते आणि टिका निळ्या होतात त्या सगळ्यांनी उघडल्यावर. पन्नास जणांच्या ग्रुपमध्ये एकाचा जुना नंबर बंद पडलेला असला तरी ती दुसरी टिक कधीच येत नाही. त्यामुळे नुसत्या टिकांकडे पाहून काही कळत नाही, इन्फो उघडावंच लागतं.

वरच्या यादीत नाव येतं म्हणजे काय घडलेलं असतं? त्या नंबरच्या व्हॉट्सॲपवर ग्रुपची चॅट उघडली गेली. एवढंच. ती कोणी उघडली, किती वेळ उघडी होती, नजर नोटिशीवर थांबली का, यातलं काहीही यादीला ठाऊक नसतं. ऑफिसातल्या संगणकावर व्हॉट्सॲप वेबमध्ये तीच चॅट समोर उघडी असेल आणि माणूस चहाला गेला असेल, तरी त्याचं नाव वर जातं. वर आलेल्या सूचनेवरच ‘वाचलं म्हणून खूण करा’ दाबलं तरी जातं. आईचा फोन हातात घेऊन व्हिडिओ शोधणाऱ्या पोरानं चॅट उघडली तरी आईचं नाव जातं.

यातही सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे नोटिशीच्या आजूबाजूची गर्दी. रात्री साडेआठला नोटीस पडली, नऊला कोणाच्या तरी मुलीचा वाढदिवस लक्षात आला आणि साडेनऊपर्यंत केक, फुलं आणि हात जोडलेले असे साठ मेसेज झाले. दहाला ग्रुप उघडणारा माणूस न वाचलेल्यांचा आकडा पाहतो, खाली जाणारा बाण दाबतो आणि थेट केकपाशी येऊन पडतो. नोटीस त्याच्या डोळ्यांसमोरून गेलीच नाही, पण यादीत तो आहे. हे ओळखता येतं. यादीत प्रत्येक नावाखाली वेळ असते. नोटिशीनंतर पहिल्या काही मिनिटांत, गर्दी व्हायच्या आधी ज्यांनी उघडलं, त्यांच्या समोर शेवटचा मेसेज नोटिशीचाच होता. गर्दीनंतरच्या वेळा निम्म्या भरवशाच्या समजाव्यात.

खालची यादीही शंभर टक्के खरी नसते. फोनच्या वरच्या पट्टीतली सूचना खाली ओढून पूर्ण मजकूर वाचणारे पुष्कळ असतात. चॅट न उघडल्यामुळे ते खालीच राहतात. पण दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. खालच्या यादीतल्या माणसानं खरं तर वाचलेलं होतं आणि आपण फोन केला, तर अर्धा मिनिट गेला आणि ‘हो हो, पाहिलं ना भाऊ’ एवढं ऐकावं लागलं. वरच्या यादीतल्या माणसानं वाचलेलं नव्हतं आणि आपण निश्चिंत राहिलो, तर त्या घरात क्लोरीनचं पाणी गेलं. पहिली चूक कितीही वेळा परवडते.

आता आकडे मांडून पाहू. समजा आठ मजल्यांची, मजल्याला चार अशी 32 फ्लॅटची इमारत आहे आणि ग्रुपमध्ये 57 जण आहेत. गुरुवारी रात्री साडेआठला नोटीस टाकली आणि शुक्रवारी सकाळी आठला इन्फो उघडलं. पाठवणारा स्वतः यादीत नसतो, म्हणून हिशोब 56 नंबरांचा. वरच्या यादीत 40, खालच्या यादीत 12, आणि 4 जणांच्या फोनवर मेसेज पोचलाच नाही. 56 पैकी 40 म्हणजे एकाहत्तर टक्के. बहुतेक कमिट्या इथं समाधान मानतात.

पण यादी नंबरांची आहे आणि निरोप घरांना द्यायचा आहे. म्हणून एका कागदावर 101 पासून 804 पर्यंत फ्लॅट लिहून काढायचे आणि वरची 40 नावं त्यावर एकेक करून बसवायची. बसवताना असं दिसतं की 40 पैकी तिघांनी फ्लॅट विकला किंवा सोडला आहे, ग्रुप मात्र सोडलेला नाही, आणि एक नंबर लिफ्टच्या मेकॅनिकचा आहे. राहिले 36. त्यातले 11 नंबर एकाच घरातल्या दुसऱ्या माणसाचे आहेत, नवरा-बायको दोघंही ग्रुपमध्ये. म्हणजे फ्लॅट झाले 25. या 25 पैकी चार फ्लॅटमध्ये ज्याचं नाव यादीत आहे तो तिथं राहतच नाही. दोन घरांत भाडेकरू आहेत आणि ग्रुपमध्ये फक्त घरमालक. दोन घरांत आई-बाबा राहतात, त्यांच्याकडे बटणांचा फोन, आणि ग्रुपमध्ये आहे पुण्यात नोकरी करणारा मुलगा. त्यानं हिंजवडीत बसून नोटीस पाहिली, पण त्यानं घरी कळवलं का, हे यादी सांगणार नाही. नागपुरातल्या इमारतींमध्ये हा प्रकार इतका सर्रास आहे की यादीतली सगळ्यात मोठी फट मी हीच मानतो.

उरले 21 फ्लॅट, त्यात पाठवणाऱ्याचं स्वतःचं घर धरून 22. म्हणजे एकाहत्तर टक्क्यांच्या त्या आकड्याखाली दहा फ्लॅट असे आहेत जिथं राहणाऱ्या कोणीही नोटीस उघडलेली नाही. उलट बाजूनं पाहिलं तर आकडा घाबरवणाराही नाही. न उघडलेल्या 16 नंबरांपैकी दहा जण ज्या घरात दुसऱ्या कोणी तरी आधीच उघडलं आहे अशा घरांतले निघतात. फक्त सहा फ्लॅट पूर्ण कोरे आहेत, आणि चार फ्लॅट असे, जिथं ग्रुपमधला माणूस राहत नाही. सोळा फोन करायची गरज नाही. दहा फ्लॅट, घरामागे दीड मिनिट धरलं तरी पाव तासाचं काम. ते शुक्रवारी सकाळीच उरकावं, कारण पाणी भरून ठेवायला रात्र शिल्लक राहते. दुपारी सगळे कामावर असतात आणि रात्री दहानंतर फोन केलेला कोणाला आवडत नाही.

ज्या चौघांना मेसेज पोचलाच नाही त्यांच्याकडे वेगळं पाहायचं. एक दिवस मेसेज पोचला नाही तर फोन बंद असेल, नेट संपलं असेल. लागोपाठ तीन नोटिशींना तेच नंबर अडकले तर तो नंबर बदललेला आहे. अशा घराचा नवा नंबर शेजाऱ्याकडून घ्यावा आणि जुना ग्रुपमधून काढावा. जुन्या नोटिशीच्या यादीत मात्र सोडून गेलेल्यांची नावं तशीच राहतात, आणि नोटिशीनंतर आलेला भाडेकरू त्या यादीत कधीच दिसत नाही, कारण नोटीस टाकली तेव्हा तो ग्रुपमध्ये नव्हताच. नवीन माणसाला ग्रुपमध्ये घेतलं की चालू नोटिसा त्याला वेगळ्या पाठवाव्या लागतात.

यादीला थोडाफार अर्थ यावा असं वाटत असेल तर नोटीस टाकण्याची पद्धत बदलायला हवी. लेटरहेडवर टाइप करून, शिक्का मारून, फोटो काढून टाकलेली नोटीस दिसायला भारदस्त असते आणि वाचायला सगळ्यात वाईट. चॅट उघडली की नाव वर गेलं, मग फोटो मोठा करून पाहिला की नाही याला यादीत जागा नाही. पीडीएफचं तेच. शिवाय वरच्या पट्टीतून वाचणाऱ्याला ‘फोटो’ एवढाच शब्द दिसतो. नोटीस साध्या मजकुरात असावी, आणि वार, वेळ आणि काय करायचं नाही या तीन गोष्टी पहिल्या दोन ओळींत याव्यात. ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात आनंद होतो की’ यातच त्या दोन ओळी संपतात, आणि टाकी धुण्यात आनंद तो कसला, हेही एकदा विचारायला हवं.

पाठवल्यावर चूक लक्षात आली तर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज सुधारता येतो. पण नोटिशीसाठी ही सोय वापरू नये. ज्यांनी आधी वाचलं त्यांना बदल झाल्याची सूचना जात नाही, आणि कोणी कोणता मजकूर पाहिला हे यादीतून कळत नाही. नऊचे दहा करायचे असतील तर जुना मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करून नवा टाकावा, म्हणजे यादीही नव्यानं सुरू होते. आणि शक्य असेल तर नोटिशींसाठी फक्त ॲडमिन लिहू शकतील असा वेगळा ग्रुप ठेवावा. केक दुसऱ्या ग्रुपमध्ये कापावा. ज्या ग्रुपमध्ये महिन्याला चारच मेसेज येतात, तिथली ‘उघडलं’ ही खूण ‘वाचलं’च्या बरीच जवळ जाते.

वाचल्याची कबुलीच हवी असेल तर ती मागावी लागते. बत्तीस ‘ओके’ आणि बत्तीस अंगठे मागितले तर त्यांच्याखाली नोटीसच गाडली जाते. त्यापेक्षा नोटिशीखाली पोल टाकावा. पोलमध्ये बारापर्यंत पर्याय देता येतात, तेव्हा आठ मजल्यांचे आठ पर्याय सहज बसतात: ‘पहिला मजला, पाणी भरून ठेवलं’, ‘दुसरा मजला, पाणी भरून ठेवलं’. एकापेक्षा जास्त उत्तरं देण्याची सोय बंद ठेवावी. मतं उघडली की मजल्याप्रमाणे नावं दिसतात, आणि ‘सहाव्यावर दोनच’ हे एका नजरेत कळतं. पर्यायाची शब्दरचना महत्त्वाची आहे. ‘वाचलं’ वर कोणीही बोट टेकवतो. ‘पाणी भरून ठेवलं’ वर टेकवताना काय भरायचं, का भरायचं, हे एकदा पाहावं लागतं. एका घरातल्या दोघांनी मत दिलं तर आकडा फुगतो, म्हणून इथंही शेवटी तो फ्लॅटचा कागद लागतोच.

‘पण ब्लू टिक तर कोर्टानंही मानली आहे’ असं कमिटीतला कोणीतरी हमखास म्हणतो. मुंबई उच्च न्यायालयानं 2018 मध्ये व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस ग्राह्य धरली, हे खरं आहे. एका कार्ड कंपनीच्या वसुलीच्या त्या प्रकरणात समोर एकच माणूस होता, त्याच्याच नंबरवर पीडीएफ गेली होती, आणि मेसेज व जोडलेली फाइल दोन्ही उघडल्याचं टिकांवरून दिसतं असं न्यायालयानं नोंदवलं. सत्तावन्न जणांच्या ग्रुपमध्ये केकांच्या मधे पडलेल्या मेसेजला तेच माप लावता येत नाही. दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये सांगितलं की पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावणं हा कायद्यात सांगितलेल्या पद्धतीला पर्याय होत नाही. म्हणजे ज्या नोटिशीला कायदा किंवा उपविधी पद्धत ठरवून देतात, तिथं तीच पद्धत चालते. सोसायटीच्या वार्षिक सभेला चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. नागपुरातल्या बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखाली येतात. त्यांनी आपलं घोषणापत्र आणि उपविधी काढून पाहावेत. ग्रुपवरची नोटीस ही आठवण म्हणून ठीक, बजावणी म्हणून तिच्यावर विसंबू नये.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकण्यानं. वैयक्तिक चॅटमध्ये ब्लू टिक बंद करता येते, ग्रुपमध्ये करता येत नाही. एखाद्या बाईनं लास्ट सीन झाकलं, ब्लू टिक बंद केली, तरी इमारतीच्या ग्रुपमध्ये मेसेज टाकणाऱ्या कोणालाही ती रात्री 1.40 ला जागी होती हे दिसू शकतं. तो तपशील कमिटीच्या हाती सोयीपुरता आलेला असतो. तो छापून सगळ्यांना दाखवणं हा त्या बाईवर अन्याय आहे, मग तिनं नोटीस वाचलेली असो वा नसो. आणि व्यवहाराच्या बाजूनंही ते अंगाशी येतं. एकदा कोणाला तरी असं पकडलं की बाकीचे शहाणे होतात. ते वरच्या पट्टीतूनच वाचू लागतात, ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकतात, ‘उघडलंच नाही तर अडकणारच नाही’ असा साधा हिशोब करतात. पुढच्या नोटिशीला खालची यादी दुप्पट लांब होते, आणि आता ती न वाचणाऱ्यांची आहे की लपून वाचणाऱ्यांची, हे कोणालाच सांगता येत नाही. कामाला येणारी एकुलती एक गोष्ट आपणच बोथट करून बसतो.

काही निरोपांना ही यादी मुळातच लागू नाही. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे नागपुरात मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं. अशा वेळी रात्री तीनला ग्रुपवर ‘खालच्या गाड्या काढा’ असं टाकून इन्फो पाहत बसण्यात अर्थ नाही. यादी सकाळी सातला भरेल, गाड्या तोवर बुडालेल्या असतील. तिथं चौकीदाराची शिटी, दारावरची थाप आणि तळमजल्यापासून वर जाणारा एक माणूस हवा. नोटीस आणि कृती यांच्यात निदान एक पूर्ण रात्र आणि एक सकाळ असेल, तरच यादी पाहून फोन करण्याची पद्धत चालते.

शुक्रवारचे दहा फ्लॅट संपले की एखाद्या दाराला कुलूप निघतं आणि फोनही लागत नाही. तिथं दाराच्या कडीत चिठ्ठी अडकवावी आणि दुसरी चौकीदाराकडे द्यावी, कारण शनिवारी सकाळच्या गाडीनं परतणारं कुटुंब आधी गेटवर भेटतं आणि नंतर नळ सोडतं. शनिवारी चारनंतर ‘पाणी सुरू, पहिल्या दोन बादल्या वाहू द्या’ असा मेसेज टाकायचा. या मेसेजमध्ये सूचना दोन आहेत. पाणी सुरू झालं हे ज्याला कळलं नाही तो फार तर तासभर जास्त थांबेल, त्यासाठी फोन नको. पण दोन बादल्यांचं ज्याला कळलं नाही तो क्लोरीनचं पाणी पिईल, म्हणून ती ओळ आदल्या दिवशीच्या फोनमध्ये आणि कडीतल्या चिठ्ठीवर आधीच लिहिलेली असावी.